दोन सारखी आणि एक चिरलेलं: ओतीव नक्कल आणि ठोकलेलं नाणं कसं ओळखावं

ताई, आम्ही रेवदंड्याचे. आजोबांच्या ट्रंकेत चांदीची तीन छोटी नाणी सापडली. एका बाजूला माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि चंद्रकोर. दोन अगदी हुबेहूब सारखी, स्वच्छ, वजन 1.79 आणि 1.82 ग्रॅम. तिसऱ्याचं वजन 2.14, पण ते कडेला चिरलंय आणि त्यावर खड्डे आहेत. आईने तिन्ही चिंचेने घासली. आमचे सोनार म्हणाले, सारखी दोन खरी, तिसरं ओतीव नकली. भिंगातून काढलेले फोटो पाठवतोय. हे बरोबर आहे का? कड, रेषा, वजन, पृष्ठभाग यांवरून घरी कसं ओळखायचं?

---

फोटोंवरून माझं मत नेमकं उलट आहे. सारखी दोन ओतीव आहेत, याबद्दल मला फारशी शंका नाही. चिरलेलं तिसरं ठोकलेलं दिसतं. ते खरं असण्याची शक्यता बरीच आहे, पण त्यावर शिक्का मारण्याआधी तुम्हाला दोन-तीन गोष्टी करून पाहाव्या लागतील. सोनारांची चूक समजण्यासारखी आहे. त्यांच्या धंद्यात चीर आणि खड्डा म्हणजे वाईट काम, गुळगुळीत म्हणजे चांगलं काम. नाण्यांच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही.

आधी ही नाणी कोणती ते सांगते, कारण मोजमापांना त्याशिवाय अर्थ नाही. ही पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक राजांची, चांदीची नाणी आहेत, म्हणजे त्या धाटणीची. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, त्याभोवती अर्थ हरवलेली ग्रीक अक्षरं आणि डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक संवताचं वर्ष. मागे तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेघ, वर चंद्रकोर, बाजूला तारा आणि सभोवती ब्राह्मी लेख. त्या लेखात आधी बापाचं नाव आणि पदवी, मग राजाचं स्वतःचं. तुमच्या तिसऱ्या नाण्यावर मला ‘वीरदामपुत्रस’ एवढा भाग लागतो. म्हणजे तो दुसरा रुद्रसेन, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याची नाणी भरपूर मिळतात. व्यास साधारण 15 मिलिमीटर, वजन बहुधा 2 ते 2.4 ग्रॅम, फार झिजलेली असतील तर थोडं खाली.

अशी नाणी कोकणात निघणं नवलाचं नाही. क्षत्रपांमधला सर्वांत परिचित राजा नहपान. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा उल्लेख आहे, डहाणूच्या नदीवर ठेवलेल्या नावांचा आहे आणि नारळीच्या झाडांच्या दानाचाही आहे. त्याच लेण्यात कार्षापण नावाच्या चांदीच्या पस्तीस नाण्यांना सुवर्ण नावाचं सोन्याचं एक नाणं असा भावही दगडात कोरलेला आहे. चांदीचं नाणं या किनाऱ्यावर खेळत होतं. पण म्हणूनच नक्कल करणाऱ्यालाही ‘इथेच वाडीत खणताना सापडलं’ ही कथा सोयीची जाते. नाणं कुठून आलं याची गोष्ट बाजूला ठेवा आणि फक्त धातूकडे पाहा.

आता मूळ मुद्दा. ठोकलेलं नाणं कसं तयार होतं? चांदीची एक चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरच्या ठशावर हातोडा मारायचा. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा कारागिराच्या हातात. चकतीला बाजूने आधार नाही. त्यामुळे घाव बसला की चांदी मधून बाहेर पसरते, ठशातल्या खाचांमध्ये घुसते, कडेला फुगते, कधी ताणून फाटते. प्रत्येक घाव वेगळा. चकती कधी डावीकडे सरकलेली, कधी उजवीकडे. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे कुणाचं वर्ष कापलं जातं, कुणाच्या लेखाची चार अक्षरं. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी घेतली तर चित्र तेच असतं, पण ते चकतीवर बसलेलं असतं वेगळ्या जागी.

ओतीव नक्कल करणारा खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि त्यात वितळलेला धातू ओततो. चित्राबरोबर त्या एका नाण्याचे सगळे अपघातही साच्यात उतरतात: ते किती सरकलं होतं, कुठे चिरलं होतं, कोणतं अक्षर चपटलं होतं. म्हणून ‘चित्र बरोबर आहे का’ हा प्रश्न ओतीव नकलेच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी आहे. चित्र बरोबरच असणार, ते खऱ्यावरून घेतलेलं आहे. विचारायचं ते असं: हा अपघात या धातूत घडला, की दुसऱ्या नाण्यात घडलेला इथे फक्त उतरला?

तुमच्या दोन सारख्या नाण्यांचा निकाल इथेच लागतो. दोन्हींवर चेहरा सारखाच डावीकडे सरकलेला आहे, वर्षाचा शेवटचा अंक सारख्याच जागी कापला गेलाय, आणि मागच्या बाजूला ताऱ्याजवळ सारखीच एक खोक आहे. ती खोक ठशात असती तर दोन्हींवर उमटली असती, हे खरं. पण ठशाला खाच पडली तर नाण्यावर उंचवटा येतो, खोक येत नाही. नाण्यावरची खोक म्हणजे त्या एका नाण्याला नंतर कधीतरी बसलेला मार. दोन नाण्यांना एकाच जागी, एकाच आकाराचा मार बसत नाही. दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत, आणि ती आई यांच्यात नाही. केवळ ‘सारखी’ म्हणून आकर्षक वाटणारी जोडी समोर आली की मी सर्वांत आधी दोन्हींची कड आणि असले मार जुळवून पाहते. पुष्कळदा पुढे काही करावंच लागत नाही.

पण बहुतेकांच्या हातात एकच नाणं असतं, म्हणून बाकीचंही सांगते.

कडेपासून सुरुवात करा. नाणं अंगठा आणि तर्जनीत आडवं धरा, दहापट भिंग डोळ्याला लावा, नाणं भिंगाजवळ आणा आणि कड सावकाश पूर्ण फिरवून पाहा. ठोकलेल्या क्षत्रप नाण्याची कड सगळीकडे सारखी नसते. कुठे जाड, कुठे पातळ, मध्ये किंचित फुगीर, आणि जागोजाग छोट्या भेगा. ओतीव नाण्यात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, कडेच्या मधोमध फिरणारी बारीक उंच रेघ. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ती येते. दुसरी, ती रेघ घालवण्यासाठी मारलेल्या कानशीचे समांतर ओरखडे. तिसरी, एकाच जागी आलेला छोटा सपाट पट्टा. धातू ज्या वाटेने साच्यात शिरला ते देठ तिथे कापून घासलेलं असतं. तुमच्या 1.82 वाल्या नाण्यावर चेहऱ्याच्या हनुवटीच्या रेषेत, साधारण सहाच्या काट्यावर, असा पट्टा स्पष्ट आहे. त्या पट्ट्यावर रंगही तांबूस दिसतोय. त्याकडे वजनाच्या वेळी परत येऊ.

इथे सावध राहायच्या दोन जागा आहेत. आपल्याकडे नाण्यांना कडी लावून गळ्यात घालायची रीत जुनी आहे. पुतळ्यांची माळ सगळ्यांनी पाहिली असेल. नंतर कडी काढून ती जागा घासली तर खऱ्या नाण्यावरही एकाच जागी कानशीचा पट्टा येतो. फरक हा की कडीच्या जागी बहुधा डाग देऊन जोडताना वापरलेला थोडा वेगळ्या रंगाचा धातू उरतो, आणि तो कडेपुरता न राहता चेहऱ्याच्या किंवा टेकडीच्या बाजूवर थोडा पसरलेला असतो. दुसरी गोष्ट, काही प्राचीन टांकसाळींत कोऱ्या चकत्याच साच्यात ओतत आणि मग ठोकत. अलेक्झांड्रियाची रोमनकालीन तांब्याची नाणी तशी आहेत, त्यांच्या कडेला देठाचा तुकडा राहिलेला दिसतो. म्हणजे देठाची खूण एवढंच सांगते की धातू कधीतरी ओतला गेला. चित्र ओतलं की ठोकलं, हे ती सांगत नाही. आणि उलट बाजूने पाहाल तर, आज दागिन्यांसाठी मेणाचे नमुने करून ओतकाम होतं, त्या पद्धतीत मधली रेघ बहुधा राहत नाही. रेघ नाही म्हणून नाणं सुटलं, असं कधीही समजू नका.

आता तुमच्या तिसऱ्याची चीर. सोनारांना जी खोट वाटली, ती मला त्या नाण्याची सर्वांत चांगली साक्ष वाटते. ठोकताना कड ताणली जाते म्हणून चीर कडेपासून सुरू होते, तिथे सर्वांत रुंद असते आणि आत येताना निमुळती होत केसासारखी संपते. तिच्या दोन्ही भिंती खडबडीत, दातेरी असतात. आणि ती आरपार असते: दर्शनी बाजूला जिथे आहे, मागच्या बाजूलाही बरोबर तिथेच दिसते, आणि कडेवरून पाहिलं तर दोन्हींना जोडते. अशा चिरेचा साचा घेतला तर साच्याचं द्रव्य तिच्यात पूर्ण खोल जात नाही. त्यामुळे नकलेत तिची उथळ पन्हळ होते, तळ गोलसर असतो, आणि कडेवर पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या पन्हळींच्या मध्ये अखंड धातू असतो.

हे तुम्ही घरी पाहू शकता. खोलीतले दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या मागे धरा आणि चीर भिंगातून पाहा. उजेडाची रेघ आरपार आली तर उत्तर मिळालं. नाही आली तरी निराश होऊ नका, जुनी चीर माती आणि क्षारांनी भरलेली असू शकते; अशा वेळी दोन्ही बाजूंच्या रेषा एकाच जागी आहेत का आणि भिंती दातेरी आहेत का, एवढं पाहा. सुई घालून चीर साफ करायला जाऊ नका. जुनी चांदी आतून कणीदार आणि ठिसूळ झालेली असते, तुकडा पडेल. त्याच कारणाने नाणं फरशीवर टाकून ‘खणखणतं का’ हेही पाहू नका. ओतीव बद्द वाजतं हे खरं, पण चिरलेलं, ठिसूळ झालेलं अस्सल नाणंही बद्दच वाजतं. परीक्षेतून काहीच कळत नाही आणि नाणं मात्र जातं.

पुढे, धातू पसरल्याच्या रेषा. हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो, आणि फोटोंत तोच सर्वांत वाईट दिसतो. घाव बसल्यावर चांदी ठशाच्या पृष्ठभागावरून मधून कडेकडे सरकते. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा नाण्यावर राहतात: केंद्रातून किरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या, कडेजवळ जास्त ठळक, आणि अक्षर आडवं आलं की त्याच्या पायाशी वळण घेणाऱ्या. ठसा पुष्कळ वापरून झिजला असेल तर याच रेषा ठशातही कोरल्या जातात आणि नाण्यावर आणखी ठळक उतरतात.

त्या पाहायच्या तर उजेड समोरून नको. एकच दिवा, तोही जवळजवळ नाण्याच्या पातळीत, बाजूने. नाणं एका जागी ठेवून सावकाश फिरवा. एका कोनात काहीच दिसत नाही आणि पुढच्या कोनात अचानक सगळ्या रेषा पेटतात. ओरखड्यांशी गल्लत होऊ देऊ नका. घासल्याचे ओरखडे समांतर असतात आणि अक्षरावरूनही सरळ पुढे जातात. पसरल्याच्या रेषा अक्षराची दखल घेतात. तुमच्या आईंनी चिंचेने घासताना आलेले गोल गोल ओरखडे तिन्ही नाण्यांवर दिसताहेत. ते मनातून वजा करायला शिका.

ओतीव नाण्यात या रेषा कुठे जातात? मूळ नाण्यावर त्या होत्या, पण त्या इतक्या बारीक असतात की साधा साचा त्या धरत नाही, आणि ओतलेला धातू थिजताना स्वतःची कणीदार साय धरतो. त्या सायीखाली बारकावे बुडतात. मग अक्षराची भिंत जिथे भोवतीच्या मोकळ्या सपाट जागेला भिडते तो कोपरा पाहा. ठोकलेल्या नाण्यात तो तीक्ष्ण असतो, अक्षर झिजलं तरी वरून झिजतं, पायाशी कोपरा टिकतो. ओतीव नाण्यात तोच कोपरा भरून गोलसर झालेला असतो, वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखा. तुमच्या दोन सारख्या नाण्यांवर टेकडीच्या तीन कमानींच्या मधल्या जागा पाहा: त्या उताराने खाली जातात. तिसऱ्या नाण्यावर, एवढे खड्डे असूनही, मधल्या कमानीच्या आत एक कोपरा करकरीत उरलाय, आणि तिथेच तीन-चार रेषा बाहेरच्या दिशेने जाताना मला दिसल्यासारख्या वाटतात. फोटोवरून पैज लावणार नाही. बाजूच्या उजेडात तेवढ्या जागेचा फोटो पुन्हा काढा.

पृष्ठभागाबद्दल कोकणातल्या माणसाशी जरा जास्त बोलावं लागतं. देशावर कोरड्या मातीत पुरलेलं नाणं आणि आपल्या खाऱ्या हवेत, आम्ल जांभ्या मातीत, चार महिने पाण्यात भिजणारं नाणं यांची गत वेगळी. मिठातला क्लोराईड चांदीला लागला की करडा-जांभळट, मेणासारखा थर चढतो. चांदीत थोडं तांबं असतंच. ते आधी विरघळून जातं आणि पृष्ठभागाला बारीक छिद्रं राहतात. मग घरात कुणीतरी चिंच, आमसूल किंवा लिंबू लावून घासतं. पितळेच्या तांब्याला ते ठीक, पण इथे आम्ल उरलंसुरलं तांबंही खेचून घेतं, थर निघून जातो आणि खाली उरते पांढरी, निस्तेज, खड्ड्याखड्ड्यांची चांदी. असं अस्सल नाणं पहिल्या नजरेला ओतीवच वाटतं. तुमच्या तिसऱ्याचं तसंच झालंय.

म्हणून नुसते खड्डे आहेत का, हे पाहून भागत नाही. ते कसे आहेत हे पाहायचं. क्षरणाचे खड्डे वेडेवाकडे, काठ कुरतडलेले, एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांच्या तळाशी बहुधा काळा किंवा हिरवट क्षार अडकलेला असतो, आणि ते नाण्याच्या एका भागात दाट व दुसरीकडे विरळ असतात, कारण माती सगळीकडे सारखी लागत नाही. ओतकामाचे खड्डे वायूच्या बुडबुड्यांचे असतात: गोल, गुळगुळीत भिंतीचे, सुटे सुटे. आणि याहून पक्की खूण म्हणजे उंचवटे. साचा करताना त्यात हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे पोकळी राहते, आणि धातू ओतल्यावर नाण्यावर तिथे बारीक गोल मणी येतो. असे मणी अक्षरांच्या कोनाड्यांत, नाकाखाली, कानाच्या वळणात बसतात, कारण बुडबुडे तिथेच अडकतात. माती आणि मीठ नाण्यातून धातू काढून नेतात. चांदीचा गोल मणी ते घडवू शकत नाहीत. क्षाराचा फुगवटा येऊ शकतो, पण तो रंगाने वेगळा आणि टोकाने ओबडधोबड असतो. तुमच्या 1.79 वाल्या नाण्यावर राजाच्या मिशीखाली आणि मागे चंद्रकोरीच्या पोटात असे दोन मणी आहेत.

आता वजन. लोक सुरुवात वजनाने करतात, मी ते शेवटी ठेवते, कारण ते एकटं फार थोडं सांगतं. समजा नक्कल करणाऱ्याने 2.20 ग्रॅमचं अस्सल नाणं घेतलं. धातू थिजताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ नाण्यापेक्षा प्रत्येक दिशेने साधारण दीड-दोन टक्के लहान होते, म्हणजे घनफळ पाचएक टक्क्यांनी घटतं. तीच चांदी वापरली तर नक्कल भरेल सुमारे 2.09 ग्रॅम. खऱ्या नाण्यांच्या वजनांत हे सहज खपून जातं. नुसत्या काट्याला काही कळणार नाही. पण तांब्यात ओतून वर चांदीचा मुलामा दिला तर तीच नक्कल 1.82 च्या आसपास येते, कारण तांबं चांदीपेक्षा हलकं. तुमचे आकडे 1.79 आणि 1.82 आहेत, आणि घासलेल्या पट्ट्यावर तांबूस रंग दिसतोय. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. सोनारांनी कसोटीला लावलं असेल तर वरचा मुलामाच लागला असणार.

खात्री करायची तर घनता काढा. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा तुमचा काटा चालेल, पण त्याची मर्यादा समजून घ्या. उकळून गार केलेलं पाणी छोट्या वाटीत घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटणार नाहीत. वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. बारीक नायलॉनच्या धाग्याने नाणं बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडवून धरा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा येईल तेवढ्या वजनाचं पाणी नाण्याने सारलं. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, ही झाली घनता. शुद्ध चांदी 10.5, तांबं जवळपास 9. चांगल्या क्षत्रप चांदीचं नाणं 10.2 च्या आजूबाजूला यावं.

इतक्या छोट्या नाण्याला पाण्यातला आकडा येतो 0.20 किंवा 0.21. त्यात काट्याची 0.01 ची चूक धरली तर उत्तर पाच टक्के इकडेतिकडे होतं. तुमचं 2.14 चं नाणं 0.21 दाखवेल तर घनता 10.2, आणि 0.22 दाखवेल तर 9.7. हे दोन्ही चांदीत बसतं. म्हणून तिसऱ्याच्या बाबतीत या परीक्षेतून चांदीचा कस कळणार नाही, फक्त ‘तांब्यावर मुलामा नाही’ एवढं कळेल. त्यावर क्लोराईडचा थर शिल्लक असेल तर आकडा आणखी खाली येईल, कारण तो थर चांदीच्या जवळपास निम्म्या घनतेचा असतो. सारख्या दोघांसाठी मात्र एक युक्ती आहे: दोन्ही एकाच धाग्यात बांधून एकत्र बुडवा. वजन 3.61 आणि पाण्यातला आकडा 0.40 ते 0.41 आला, तर घनता 9 किंवा किंचित कमी. दोन्ही एकत्र केल्यामुळे चुकीचा वाटा निम्मा होतो आणि 10.2 हे उत्तर आवाक्याबाहेर जातं.

एक सूचना इथेच. तांब्यावर चांदीचा पत्रा असलेली नाणी प्राचीन काळीही केली जात, तेव्हाचेच खोटे कारागीर ती करत. पण ती ठोकलेली असतात: तीक्ष्ण कोपरे, पसरल्याच्या रेषा, आणि पत्रा फुटला तिथे आतून आलेलं जुनं हिरवं क्षरण. म्हणजे हलकं वजन आणि तांबूस रंग यांवरून ‘आजची नक्कल’ ठरत नाही. तुमच्या जोडीचा निकाल मी दिला तो जुळणारी खोक, मणी आणि देठाचा पट्टा यांवर; वजनाने त्याला फक्त दुजोरा दिला.

क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर तपासून घ्या असं कुणी सुचवेल. सुचवू द्या, पण ते यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते चांदीच सांगेल, आणि चिंचेने तांबं खेचलेल्या अस्सल नाण्यावर चांदीचं प्रमाण मुळापेक्षा जास्त दाखवेल. यंत्रावर घ्यायचंच असेल तर जोडीतल्या 1.82 चं वाचन त्या घासलेल्या पट्ट्यावर घ्यायला सांगा.

आणि या सगळ्याची हद्द. वर सांगितलेलं सगळं ओतीव नकलेला पकडतं. कुणी नवा ठसा कोरून खऱ्या चांदीच्या चकतीवर ठोकला असेल, तर पसरल्याच्या रेषा, तीक्ष्ण कोपरे, आरपार चीर सगळं मिळेल, कारण ते नाणं खरंच ठोकलेलं आहे. फक्त आज ठोकलेलं. तिथे मग ब्राह्मी अक्षरांचं वळण, वर्ष आणि राजा यांचा मेळ, आणि माहीत असलेल्या ठशांशी तुलना, हे काम येतं. दुसऱ्या रुद्रसेनाच्या एवढ्या साध्या, भरपूर मिळणाऱ्या नाण्यासाठी, तेही खड्ड्याखड्ड्यांचं करून, एवढा उद्योग कुणी करेल असं मला वाटत नाही. पण ‘बहुधा खरं’ आणि ‘खरं’ यांच्यात मी जे अंतर ठेवतेय ते यासाठी.

तर आता तुम्ही करायचं ते एवढं. तिसरं नाणं यापुढे कशानेही घासू नका. पाण्यात बुडवल्यावर मऊ कापडाने टिपा, पूर्ण वाळू द्या आणि आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, त्यांतून निघणारं द्रव्य चांदीला हिरवट चिकटा आणतं. चिरेचे दोन्ही बाजूंनी आणि कडेवरून असे तीन फोटो, मधल्या कमानीचा बाजूच्या उजेडातला एक, आणि पाण्यातले दोन आकडे मला कळवा. डोक्यामागच्या वर्षाचा जो अंक अर्धा दिसतोय तो वरून आणि डावीकडून असा दोन वेळा टिपा, शक वर्ष लागतं का पाहू. नाणी ट्रंकेतून निघाली म्हणून प्रश्न नाही, पण पुढे कधी वाडीत खणताना असं काही मिळालं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जोडी टाकून देऊ नका. पाकिटावर शाईने ‘ओतीव नक्कल’ लिहून तिसऱ्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी नाणं दाखवलं की भिंगाखाली तुलनेला दोन्ही नमुने हाताशी असतील.